साडेसहा लाखांची बेरीज आणि आठ रुपये

महापे एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणारी साठेक माणसांची एक कंपनी आहे. तिचं पगारपत्रक मी ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसातून बघते. ऑफर लेटर मात्र तिथला अकाउंटंट स्वतःच काढायचा, जुन्या एका एक्सेल फाइलवरून. मी ती फाइल कधी उघडून पाहिली नव्हती, आणि ही चूक माझीच.

मे महिन्यात त्यांनी डिझाइन विभागासाठी कळव्याच्या एका मुलीला निवडलं. ईमेलवर कळवलं, पॅकेज वर्षाला ६,५०,००० रुपये. दोन दिवसांनी ऑफर लेटर गेलं, सोबत पगाराच्या फोडीचं अ‍ॅनेक्शर. मुलगी सही करणार तेवढ्यात कागद तिच्या वडिलांच्या हाती पडला. हे गृहस्थ एका पतपेढीत कॅशियर होते, निवृत्त झालेले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि तीन वेगवेगळ्या बेरजा केल्या. मग मुलीला सांगितलं, आधी विचार, मग सही कर.

मालकांचा मला फोन आला. "ताई, आठ रुपयांसाठी माणूस सही करत नाही, असं कधी ऐकलंय?"

मी म्हटलं, अ‍ॅनेक्शर पाठवा. आलं ते असं होतं:

| घटक | दरमहा | वार्षिक |
|---|---:|---:|
| बेसिक (पॅकेजच्या ५०%) | २७,०८३ | ३,२५,००० |
| एचआरए (बेसिकच्या ४०%) | १०,८३३ | १,३०,००० |
| स्पेशल अलाउन्स | ११,०९७ | १,३३,१६८ |
| कंपनीचा पीएफ (१२%) | ३,२५० | ३९,००० |
| ग्रॅच्युइटी (४.८१%) | १,३०३ | १५,६३३ |
| मेडिक्लेम हप्ता | ६०० | ७,२०० |
| एकूण | ५४,१६७ | ६,५०,००० |

वरवर पाहिलं तर काही खटकत नाही. आता पेन्सिल घ्या. दरमहाच्या रकान्यातले सहा आकडे मिळवले की ५४,१६६ होतात, खाली छापलेत ५४,१६७. वार्षिक रकान्यातले सहा मिळवले की ६,५०,००१ होतात, खाली छापलेत ६,५०,०००. छापलेल्या ५४,१६७ ला बाराने गुणलं तर ६,५०,००४. खऱ्या बेरजेला, म्हणजे ५४,१६६ ला, गुणलं तर ६,४९,९९२, आठ रुपये कमी. एका पानावर एकाच पॅकेजचे चार आकडे! वडिलांनी समासात हे चारही लिहिले होते आणि शेवटच्याभोवती गोल केला होता.

मी त्यांना फोन केला. माणूस अगदी शांत होता. "मॅडम, आठ रुपयांचं काही नाही हो. पण उद्या काही वाद निघाला तर यातला कुठला आकडा धरायचा, तेवढं सांगा. आमच्याकडे दिवसाची कॅश एक रुपयाने जुळली नाही तर कुणी घरी जात नसे." मला उत्तर सुचलं नाही. कारण प्रश्न बरोबर होता.

मग फाइल उघडली. अकाउंटंटने सगळी गणितं वार्षिक आकड्यापासून केली होती: साडेसहा लाखांचे निम्मे बेसिक, त्याला बारा भागिले, त्यावर टक्के. ६,५०,००० ला बाराने भाग जातच नाही, ५४,१६६ पूर्णांक आणि वर आठ उरतात. म्हणून बऱ्याच खान्यांत अपूर्णांक बसले होते. बेसिक खरं २७,०८३.३३, स्पेशल अलाउन्स खरा ११,०९७.२९. सेलच्या फॉरमॅटमधून दशांश लपवले की डोळ्याला पूर्ण रुपये दिसतात, पण एक्सेल बेरीज करतं ती आतल्या अपूर्णांकांची. म्हणून एकूण बरोबर आणि वरचे आकडे "जवळजवळ बरोबर". वार्षिक रकान्यातला जादा रुपया तर मजेशीर आहे. ग्रॅच्युइटी खरी १५,६३२.५० आणि स्पेशल अलाउन्स खरा १,३३,१६७.५०. दोन अर्धे रुपये, दोघेही वर ढकलले गेले, आणि कागदावर एक रुपया जन्माला आला.

हे फक्त कागदावर राहिलं असतं तर मीही सोडून दिलं असतं. पण पगाराचं सॉफ्टवेअर प्रत्येक घटक पूर्ण रुपयात धरतं. पहिल्या महिन्याच्या पगारपत्रकात ग्रॉस ४९,०१३ आला असता, आणि अपूर्णांकांसकट काढलेला हिशेब म्हणतो ४९,०१४. नवीन माणूस पहिलं पगारपत्रक ऑफर लेटरशेजारी ठेवून बघतोच. तिथे एक रुपया कमी दिसला की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास हलतो. मग पीएफ दोनदा का कापला, असले प्रश्न सुरू होतात.

अकाउंटंटचा पहिला उपाय सरळ होता: पॅकेज ६,५०,००४ करून टाकू, बाराने भाग जातो. मालक तयार होईनात. त्यांचं म्हणणं, मंजुरी साडेसहा लाखांची झालीय, ईमेलही तसाच गेलाय. ते बाजूला ठेवलं तरी हा उपाय मुळात अर्धवट आहे. पॅकेजला बाराने भाग गेला म्हणजे बेरीज जुळते असं नाही, कारण पॅकेजमधले सगळे घटक महिन्याचे नसतात.

मेडिक्लेमचा हप्ता विमा कंपनीला वर्षातून एकदाच जातो. ग्रॅच्युइटी तर दर महिन्याला कुणालाच मिळत नाही. ती नोकरी सोडताना मिळते, कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा झाल्यावर. सेवेच्या प्रत्येक वर्षाला शेवटच्या महिन्याच्या पगाराचे सव्वीसात पंधरा भाग, हा तिचा हिशेब. फायलींमधून फिरणारे ४.८१ टक्के याच अपूर्णांकातून आलेत: पंधराला सव्वीसाने भागा, मग बाराने भागा, ४.८०७७ टक्के येतात. कुणीतरी ते ४.८१ केले आणि त्यावर पुन्हा रुपयांना गोल केलं. एकाच आकड्याला दोनदा गोल करायचं कारणच नाही. वार्षिक आकडा थेट पंधरा-सव्वीसने काढा, एकदाच पूर्ण रुपयात आणा, आणि महिन्याच्या रकान्यात तिथे रेघ मारा. "दरमहा १,३०३" असं छापलं की मुलीला ते पैसे आपल्या हातात येणार असंच वाटतं. तिने मला तसं विचारलंही.

म्हणून मी पत्रक उलट्या बाजूने बांधायला घेतलं, महिन्यापासून.

पहिला प्रश्न बेसिक किती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. त्यात एचआरए, भत्ते, कंपनीचा पीएफ असे वेतनाबाहेरचे घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मग पीएफ-ग्रॅच्युइटीचा हिशेब बेसिकवर थांबत नाही. ही भानगड नको असेल तर बेसिक निम्म्याच्या किंचित वर ठेवणं सर्वांत सोपं. इथे निम्मे म्हणजे महिन्याला २७,०८३ रुपये ३३ पैसे.

आता बेसिक कुठलाही पूर्ण रुपया घेतला तर पीएफमध्ये पुन्हा पैसे येतात. १२ टक्के म्हणजे पंचविसात तीन. बेसिकला पंचविसाने भाग जात असेल तरच पीएफ पूर्ण रुपयात पडतो. ४० टक्के एचआरएला पाचाने भाग गेला की पुरे, म्हणजे पंचवीसचा पाढा दोघांचंही भागवतो. २७,०८३ च्या वरचा पंचविसाने भाग जाणारा पहिला आकडा २७,१००. तिथून सुरुवात.

२७,१०० धरून वर्षाचे सगळे घटक वजा केले. स्पेशल अलाउन्ससाठी १,३२,८६१ उरले. बाराने भागले तर ११,०७१ आणि वर नऊ रुपये. आधी आठ उरत होते, आता नऊ. क्षणभर वाटलं, आपण उगाच खटाटोप करतोय.

पण हे नऊ कुठून आले ते बघितलं तर वाट सापडते. बेसिक, एचआरए, पीएफ आणि स्पेशल अलाउन्स हे चौघे पूर्ण रुपयात, वर्षाला बरोबर बारा वेळा. ते बाकी निर्माण करूच शकत नाहीत. बाकी फक्त दोन वार्षिक आकड्यांमुळे येते: मेडिक्लेम आणि ग्रॅच्युइटी. मेडिक्लेमचा हप्ता ७,२०० आपल्या हातात नाही. ग्रॅच्युइटी मात्र बेसिकवर अवलंबून, आणि बेसिक आपण ठरवतोय. म्हणजे शोधायचं एवढंच: कुठल्या बेसिकला पॅकेजमधून हप्ता आणि ग्रॅच्युइटी वजा केल्यावर बाराने पूर्ण भाग जातो? एक्सेलमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे. B2 मध्ये मासिक बेसिक:

```
=MOD(650000-7200-ROUND(B2*15/26,0),12)
```

२७,१०० ला उत्तर ९. २७,१२५ ला ७. २७,१५० ला ५. २७,१७५ ला २. आणि २७,२०० ला शून्य.

पाचव्या पायरीवर जमलं. पुढचं पत्रक हाताने लिहिता येईल इतकं सरळ झालं:

| घटक | दरमहा | वार्षिक |
|---|---:|---:|
| बेसिक | २७,२०० | ३,२६,४०० |
| एचआरए (बेसिकच्या ४०%) | १०,८८० | १,३०,५६० |
| स्पेशल अलाउन्स | १०,९१५ | १,३०,९८० |
| ग्रॉस पगार | ४८,९९५ | ५,८७,९४० |
| कंपनीचा पीएफ (बेसिकच्या १२%) | ३,२६४ | ३९,१६८ |
| महिन्याचे घटक, एकूण | ५२,२५९ | ६,२७,१०८ |
| ग्रॅच्युइटी (बेसिक × १५ ÷ २६) | – | १५,६९२ |
| मेडिक्लेम हप्ता | – | ७,२०० |
| वार्षिक पॅकेज | | ६,५०,००० |

प्रत्येक ओळीत दरमहा गुणिले बारा बरोबर वार्षिक. प्रत्येक रकान्याची बेरीज खाली छापलेल्या आकड्याइतकीच. आणि शेवटी ५४,१६७ असा कुठलाच महिन्याचा आकडा नाही, कारण दर महिन्याला तेवढी रक्कम कुठेच जात नाही. तो आकडा काढून टाकणं मला बेरजेपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. उमेदवार पॅकेज भागिले बारा करून घरी सांगतो, आणि पहिल्या पगाराला घरच्यांना वाटतं की आपल्याला फसवलं.

या पत्रकात मी मुद्दाम एक गोष्ट धरली नाही. पीएफशिवाय कंपनीला प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का आणि ईडीएलआय विम्याचा अर्धा टक्का वेगळा भरावा लागतो. काही कंपन्या तोही पॅकेजमध्ये घुसवतात. मी नाही घुसवत. तो कामगाराच्या खात्यात येत नाही, आणि पॅकेज फुगवायला त्याचा उपयोग करणं मला पटत नाही. अकाउंटंटचं मत वेगळं होतं, पण मालकांनी माझं ऐकलं.

पत्रकाखाली हातात काय येणार तेही लिहिलं, कारण खरा प्रश्न तोच असतो. ग्रॉस ४८,९९५, त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ३,२६४ आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० वजा. राहिले ४५,५३१. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात ४५,४३१. इतक्या पगारावर नव्या करप्रणालीत टीडीएस लागत नाही.

नवं पत्रक वडिलांना गेलं. अर्ध्या तासात फोन. "बेरीज जुळली. पण आधीच्या कागदावरून मी हातात ४५,५६३ काढले होते. आता बत्तीस रुपये कमी कसे?"

ही माणसं मला आवडतात. बेसिक ११७ रुपयांनी वाढलं म्हणून पीएफ दोन्ही बाजूंनी चौदा-चौदा रुपयांनी वाढला. बत्तीसातले अठ्ठावीस दर महिन्याला मुलीच्याच पीएफ खात्यात जातात, उरलेले जवळपास ग्रॅच्युइटीच्या वाढीव रकमेत. पॅकेज तेच असताना बेसिक वाढलं की हातातले थोडे कमी होतात, खात्यातले थोडे वाढतात. ते म्हणाले, "मग ठीक आहे. पीएफमध्ये असलेलं बरं, हातात आलं की ही मुलगी मॉलमध्ये उडवते." मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, फोन स्पीकरवर आहे!"

एचआरएबद्दल त्यांनी आणखी एक विचारलं. शेजारच्या मुलाला, तो अंधेरीला जातो, एचआरए बेसिकच्या ५० टक्के आहे, आम्हाला ४० का? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कंपनीने किती टक्के एचआरए द्यायचा याला बंधन नाही. ५० आणि ४० हे आकडे जुन्या करप्रणालीत घरभाड्याच्या सवलतीच्या मर्यादेचे आहेत, आणि ती मर्यादा तुम्ही कुठे राहता त्यावर ठरते. मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत, ठाणे-नवी मुंबईतल्याला ४० टक्क्यांपर्यंत. तिने नवी करप्रणाली घेतली तर ही सवलतच नाही, आणि ती तर वडिलांच्या घरी राहते.

मुलगी १६ जूनला रुजू झाली. मी मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या पगारपत्रकात अर्धा रुपया दिसेल, घाबरू नका. जूनच्या तीस दिवसांतले पंधरा भरले, म्हणजे सगळं निम्मं. बेसिक १३,६००, एचआरए ५,४४०, पीएफ १,६३२, तिघेही पूर्ण. स्पेशल अलाउन्स मात्र ५,४५७.५०, तो सॉफ्टवेअरने ५,४५८ केला. पत्रक वर्षभराच्या पूर्ण महिन्यांसाठी जुळवलेलं असतं. तुटक महिन्याला ते जुळवायला गेलात तर वेड लागेल. ग्रॉस आला २४,४९८, हातात २२,८६६. व्यवसाय कर शून्य, कारण महाराष्ट्रात महिलांना महिन्याला २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही, आणि त्या महिन्यात ती त्याखाली होती. जुलैपासून २०० सुरू.

मेडिक्लेमची एक अडचण पत्रकात राहतेच. पुढच्या वर्षी हप्ता ७,२०० चा ७,६०० झाला तर बेरीज ४०० ने हलेल. म्हणून हप्त्याच्या ओळीखाली "पत्राच्या तारखेचा दर" असं लिहिलं आणि पगारवाढीच्या वेळी पत्रक नव्याने काढायचं ठरवलं. वाढलेला हप्ता स्पेशल अलाउन्समधून गुपचूप कापायचा नाही, हे मालकांकडून मेलवर लिहून घेतलं.

ऑगस्टमध्ये अकाउंटंटने दुसरं ऑफर लेटर स्वतः करायला घेतलं, वर्षाला ७,२०,००० रुपयांचं. त्याला वाटलं बाराने भाग जातोय, म्हणजे निवांत. बेसिक ३०,००० धरलं तर ग्रॅच्युइटी १७,३०८ आली आणि सूत्राने बाकी दाखवली ८. पंचवीस-पंचवीस करत वर गेला तर शून्य यायचं नावच घेईना. शेवटी ३०,७०० ला आलं, अठ्ठाविसाव्या पायरीवर. बाकी मिटवण्यासाठी बेसिक सातशे रुपयांनी चढवायचं म्हणजे पीएफचे दोन्ही हिस्से ८४-८४ रुपयांनी वाढवायचे. हे शेपटासाठी कुत्रं फिरवण्यासारखं झालं. पीएफ किंवा ग्रॅच्युइटीचा आकडा मोडतोड करून बाकी लपवणंही नको, ते आकडे कायद्याच्या हिशेबातून येतात आणि तपासणीत तसेच लागतात.

मी त्याला विचारलं, या माणसाला वर्षातून एकदा काही देताय का? तो म्हणाला, दिवाळीचे पाच हजार, पॅकेजमध्येच धरायचे ठरलेत, पण मी ते बारा भागांत पसरून स्पेशल अलाउन्समध्ये टाकले होते. मी म्हटलं, बाहेर काढ, वार्षिक ओळीत ठेव. पाच हजारांना बाराने भागलं की बाकी आठच उरते. बेसिक ३०,००० तसंच राहिलं, स्पेशल अलाउन्स ११,९४१ वर बसला, आणि रकान्यांच्या खाली दोन्हीकडे बेरीज जुळली. त्याने कॅल्क्युलेटर काढून पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाला, "मॅडम, कळव्याच्या काकांना पाठवू का तपासायला?"